पीतांबर : कर्मधारय की बहुव्रीही?

प्रश्न : 'पीतांबर' चा समास गाइडात कर्मधारय दिलाय, सर बहुव्रीही म्हणतात. दहावीच्या पेपरात काय लिहू?

दोन्ही बरोबर आहे भाऊ, वाक्य काय दिलंय त्यावर ठरते. 'काकांनी पूजेला पीतांबर नेसला' असं वाक्य असलं तर पीतांबर म्हणजे ते पिवळं वस्त्रच, विग्रह 'पीत असे अंबर', पहिलं पद दुसऱ्याचं विशेषण म्हणून कर्मधारय. पण 'पीतांबर भक्ताच्या हाकेला धावला' मध्ये कापड थोडंच धावते, तिथं विष्णू आला, विग्रह 'पीत आहे अंबर ज्याचे असा तो', दोन्ही पदांबाहेरचा तिसराच कोणी मुख्य झाला की बहुव्रीही. संधी मात्र दोन्हीकडं तीच, पीत + अंबर, अ + अ = आ.

मी गावात दहावीच्या पोट्ट्यांचं मराठी घेतो, त्यांची खरी चूक होते 'दशानन' मध्ये, समोर संख्या दिसली की डोळे मिटून द्विगू लिहितात. द्विगूत त्या संख्येचा समूह सांगायचा असते, जसं पंचवटी म्हणजे पाच वडांचा समूह. दशानन म्हणजे दहा तोंडांचा ढीग नाही ना, दहा तोंडं ज्याला आहेत तो रावण, म्हणून बहुव्रीही.

फक्त एक, नुसता शब्दच दिला असंल, वाक्य नसंल, तर आधी विग्रह लिही आणि समासाचं नाव त्या विग्रहाशी जुळणारंच लिही. 'पीत असे अंबर' लिहून पुढं बहुव्रीही ठोकलं तर उत्तर चुकते.