फायनल हरल्यावर पोरांशी काय बोलशील
कबड्डीची फायनल पंचवीस गुणांनी गेली, तर लगेच बोलायला जाऊ नकोस. आधी समोरच्यांशी हात मिळवू दे, पाणी पिऊ दे. मग मातीवर गोलात बसव, तूही बस. दोन मिनिटांत आटप.

आमच्यावर तीन लोण चढले, तेव्हा राइट कॉर्नरचा पोरगा गुडघ्यात मान घालून रडत होता. पहिली पकड त्याचीच सुटली होती. मी त्या पकडीचा विषयच काढला नाही. "तिसऱ्या लोणानंतरही तू घोटा धरायला पुढे आलास, मी पाहिलं," एवढंच म्हणालो. घडलेलंच सांग, खोटं कौतुक पोरांना लगेच कळतं. साखळी का तुटली, ते सोमवारच्या सरावात बघ. त्या संध्याकाळी फक्त सरावाची वेळ सांग आणि डबे उघडायला लाव.