मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट : डिझाइन, टेस्टचे निकाल आणि मर्यादा

प्रश्न : पायथनमध्ये ग्रंथालयाच्या देवघेवीचा मिनी प्रोजेक्ट केलाय, नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये राहतात. प्रोग्रॅम नीट चालतो. आता डिझाइन, टेस्टचे निकाल आणि मर्यादा यांवर तीन पानी रिपोर्ट द्यायचाय. फ्लोचार्टशिवाय डिझाइनमध्ये काय लिहायचं? आणि मर्यादांमध्ये 'जीयूआय नाही' यापलीकडे काही सुचत नाहीये.

उत्तर :

हे तीन भाग सुटे लिहायला बसलात की असं अडायला होतं. डिझाइनमधला एकेक निर्णय घ्या आणि त्याचा धागा टेस्टपर्यंत न्या, मर्यादा तिथेच सापडतात. फ्लोचार्ट हवा तर एक टाका, पण 'मेनू दाखवा, पर्याय घ्या' एवढंच सांगणाऱ्या चित्राने अर्धं पान जातं आणि कळत काहीच नाही. त्यापेक्षा काय निवडलं, दुसरा पर्याय कोणता होता आणि तो का सोडला, हे प्रत्येक निर्णयाला तीन-चार वाक्यांत लिहा. तुमच्या प्रोजेक्टमध्ये असे दोन निर्णय तरी नक्की आहेत.

पहिला, तारखा. परतीची तारीख `timedelta(days=14)` मिळवून काढली असेल, तर महिन्याचे दिवस स्वतः मोजत बसायचं का टाळलं ते लिहा. उशिराचा हिशेब बहुधा असा असेल :

```python
late = max(0, (returned - due).days)
```

याची टेस्ट 'पुस्तक दिलं, परत घेतलं, बरोबर आलं' अशी नको. चूक जिथे लपते तिथल्या तारखा घ्या. 2024-02-20 ला दिलेलं पुस्तक 2024-03-05 ला परत यायला हवं, आणि 2023-02-20 ला दिलेलं 2023-03-06 ला, कारण 2024 लीप वर्ष होतं. मग ठरल्या दिवशीच परत केलं तर उशीर 0, दुसऱ्या दिवशी 1, आणि मुदतीआधी केलं तरी 0. शेवटची टेस्ट `max` साठी आहे; ते काढलंत तर उशीर ऋण येईल.

तक्त्यात इनपुट, अपेक्षित, प्रत्यक्ष आणि निकाल एवढे रकाने पुरेत. मात्र अपेक्षित उत्तर प्रोग्रॅम चालवण्याआधी, कॅलेंडर बघून लिहा. पुष्कळ जण आउटपुट उचलून दोन्ही रकान्यांत चिकटवतात आणि ते लगेच ओळखू येतं : अपेक्षितच्या रकान्यात `datetime.date(2024, 3, 5)` असं कोण हाताने लिहितं?

दुसरा निर्णय सीएसव्हीचा, आणि रिपोर्टचा खरा मसाला इथे आहे. फाइल वाचताना `line.split(',')` वापरलं असेल, तर 'पाणी, हवा आणि माती' असं स्वल्पविराम असलेलं नाव टाकून बघा. नोंद बिनतक्रार सेव्ह होईल. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडलात की ओळीचे तीनऐवजी चार तुकडे होतील, नावाचा उरलेला भाग तारखेच्या जागी जाईल आणि `date.fromisoformat` तिथे `ValueError` देईल. म्हणजे चूक होते सेव्ह करताना आणि दिसते पुढच्या वेळी. म्हणून टेस्टमध्ये 'सेव्ह, बंद, पुन्हा उघडा' हे टप्पे स्पष्ट लिहा. `csv` मॉड्यूलने हे सुटतं, कारण ते असं नाव अवतरणचिन्हांत ठेवतं. दुरुस्त केलंत तर आधीचा 'फेल' खोडू नका. त्याखाली दुरुस्तीनंतरचा निकाल लिहा. सगळे 'पास' असलेल्या तक्त्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

आता मर्यादा. सुरुवातीला सगळी फाइल मेमरीत घ्यायची आणि प्रत्येक बदलानंतर पूर्ण लिहायची, अशी तुमची रचना असेल असं धरतो. प्रोग्रॅम दोन खिडक्यांत उघडा. पहिलीत B07 हे पुस्तक द्या, मग दुसरीत B12 द्या. फाइल उघडून बघा : B07 ची नोंद गायब असेल, कारण दुसऱ्या खिडकीने तिच्याकडची जुनी यादी वर लिहिली. एरर काहीच येत नाही, म्हणून ही मर्यादा गंभीर. रिपोर्टमध्ये ती साधारण अशी लिहा :

"प्रोग्रॅम एका वेळी एकाच ठिकाणी उघडा असेल असे गृहीत धरले आहे. दोन ठिकाणी उघडल्यास नंतर सेव्ह करणाऱ्याची यादी राहते आणि आधीची नोंद कोणतीही सूचना न देता पुसली जाते (टेस्ट 9). एकाच टेबलावरून देवघेव होते तिथे याने अडत नाही."

कधी बिघडतं, काय होतं, का होतं आणि कुणाला चालून जाईल, हे सगळं त्यात आलं. 'जीयूआय नाही' ही मर्यादा नव्हे, ते न केलेलं काम आहे. लिहायचंच तर 'पुढील काम' मध्ये एका ओळीत लिहा.

पानांचा हिशेब विचाराल तर डिझाइनला एक, टेस्टला दीड, उरलेलं अर्धं मर्यादांना. कोड रिपोर्टमध्ये ओतू नका. पायथनची आवृत्ती आणि टेस्ट चालवण्याची कमांड मात्र तक्त्याच्या वर लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला त्या स्वतः चालवता येतील.