कंस, कर्ण आणि गेलेले सहा मार्क

प्रश्न: n जोड्यांचे बरोबर जुळणारे कंस मोजायचं सूत्र C(2n,n)/(n+1) आहे, पण हा n+1 ने भागाकार येतो कुठून? आणि जाळीवर कर्णाच्या खाली राहणाऱ्या वाटा मोजल्या तरी तोच आकडा कसा काय येतो?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याच्यापायी माझे सहा मार्क गेलेत आणि सोळा वर्षं झाली तरी तो पेपर माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला डिस्क्रीटची इंटर्नल होती. एकाच प्रश्नाचे दोन भाग. अ भाग: चार जोड्यांचे जुळणारे कंस किती? ब भाग: ४×४ च्या जाळीवर डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्यात, फक्त उजवीकडे किंवा वर जात, कर्ण न ओलांडता खालच्या बाजूने किती वाटा? मी अ ला १४ लिहिलं आणि ब मध्ये सरळ लिहिलं की उघडता कंस म्हणजे एक पाऊल उजवीकडे, मिटता कंस म्हणजे एक पाऊल वर, मिटलेले कंस कुठल्याही क्षणी उघडलेल्यांपेक्षा जास्त होत नाहीत म्हणजेच वाट कर्णाच्या वर जात नाही, म्हणून हेही १४. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, त्यात लपलेलं काही नाही.

पेपर दाखवले तेव्हा ब भागावर लाल फुली. सरांच्या उत्तरात ५ होतं. मी उठून विचारलं तर म्हणाले, "खाली म्हणजे खाली, कर्णाला शिवायचं नाही." म्हणलं सर, प्रश्नात "ओलांडू नये" लिहिलंय, शिवू नये असं नाही लिहिलं. तर म्हणाले, बस खाली. बसलो.

पण तो ५ आला कुठून हे मी त्याच रात्री शोधून काढलं, आणि ते कळलं की हा सगळा विषयच कळतो, म्हणून इथे नीट लिहितो. पहिल्या उघडत्या कंसाचा जोडीदार कुठे मिटतो ते बघायचं. त्याच्या पोटात ०, १, २ किंवा ३ जोड्या असणार आणि उरलेल्या त्याच्या उजवीकडे. एक, दोन, तीन जोड्यांचे प्रकार १, २, ५ हे माहितीच आहे (शून्य जोड्यांचा १ धरायचा). मग पोटात ० तर १×५, पोटात १ तर १×२, पोटात २ तर २×१, पोटात ३ तर ५×१. बेरीज ५+२+२+५, म्हणजे १४. सरांचा ५ हा यातला फक्त शेवटचा तुकडा आहे, जिथे पहिल्या कंसाचा जोडीदार थेट शेवटचा कंस असतो, कारण वाट मधे कुठेच कर्णाला शिवायची नसेल तर उघडलेले सगळे कंस शेवटच्या पावलाआधी मिटताच येत नाहीत. त्या नियमाने `()()()()` बाद होतं, कारण ते प्रत्येक जोडीनंतर कर्णावर येतं. मग अ भागात १४ ला पूर्ण मार्क दिले कसे? एकाच प्रश्नात वरच्या ओळीला शिवणं चालतं आणि खालच्या ओळीला चालत नाही, असं होत नाही.

आता १४ सूत्राने कसे येतात ते. मी भागाकाराने कधीच शिकवत नाही, वजाबाकीने शिकवतो. चार उघडे चार मिटते कसेही मांडले तर C(8,4), म्हणजे ७० ओळी. यातल्या बिघडलेल्या मोजून वजा करायच्या. ही एक बिघडलेली ओळ घे:

```
())(()()
```

डावीकडून मोजत गेलं की तिसऱ्या कंसाला पहिल्यांदा मिटते जास्त होतात. तो तिसरा कंस तसाच ठेवायचा आणि त्याच्या पुढचे सगळे उलटे करायचे, उघड्याचा मिटता, मिटत्याचा उघडा:

```
())))()(
```

आता मोज, ३ उघडे आणि ५ मिटते. हे दरवेळी असंच होणार, कारण बिघडलेल्या जागेपर्यंत मिटता एक जास्त होता, म्हणजे पुढच्या भागात उघडा एक जास्त होता, तो उलटला की तिथेही मिटता एक जास्त. आणि परतही जाता येतं: ३ उघडे ५ मिटते असलेली कुठलीही ओळ घे, तिच्यात मिटते कधी ना कधी पहिल्यांदा जास्त होणारच, तिथून पुढचं उलटलं की चार-चारची बिघडलेली ओळ परत मिळते. म्हणजे बिघडलेल्या ओळी C(8,3), ५६. ७० वजा ५६, १४. जाळीवर हेच केलं तर कर्णाच्या एक घर वरच्या तिरप्या रेषेत आरसा धरल्यासारखं होतं.

इथे बरेच जण चुकतात, बिघडवणारा कंसच उलटून टाकतात. लगेच कळतं, उलटल्यावर ओळ चार-चारचीच राहते. तसं झालं तर एक कंस आधीपासून उलटलायस. (पुस्तकांत ही आरशाची युक्ती आंद्रे यांच्या १८८७ च्या लेखाच्या नावावर टाकतात, पण त्यांच्या मूळ लेखात आरसा नाही, त्यांनी मतमोजणीच्या प्रश्नात वाईट क्रम वेगळ्या पद्धतीने मोजलेत.)

तुझा n+1 आता दिसेल. C(2n,n+1) हा C(2n,n) च्या n/(n+1) पट असतो, आकडेमोड करून बघ. चारसाठी ५६ हे ७० चे चार पंचमांश. बिघडलेले पाचात चार, तर जुळलेले पाचात एक. पण हे गणित झालं, कारण नाही झालं हे मलाही मान्य आहे. खरं कारण असं की वाटांचे, त्यांची किती वरची पावलं कर्णाच्या वरच्या बाजूला पडतात यावरून, ० पासून n पर्यंत n+1 गट करता येतात आणि सगळे गट सारखेच भरतात. n=2 ला सहा ओळी: `(())` आणि `()()` मध्ये शून्य, `())(` आणि `)(()` मध्ये एक, `))((` आणि `)()(` मध्ये दोन. दोन-दोन-दोन. आपल्याला हवा तो फक्त शून्यवाला गट, म्हणून n+1 ने भागायचं. हे सगळ्या n ला का होतं याची सिद्धता इथे देत बसत नाही, आधीच लांबलंय.

कोडमध्ये उत्तर एखाद्या मूळ संख्येच्या मोड्युलोत हवं असेल तर मात्र वजाबाकीच वापर. मोड घेतल्यावर n+1 ने साधा भागाकार केला तर उत्तर चुकतं, तिथे व्यस्त काढावा लागतो, आणि पोरं तो विसरतातच. वजा केल्यावर आकडा ऋण आला तर मोड परत मिळवायचा, बाकी काही नाही.

एक राहिलं. कंसांचे दोन प्रकार असतील, गोल आणि चौकोनी, तर प्रत्येक जोडीला दोन पर्याय, म्हणून चार जोड्यांना १४×१६, म्हणजे २२४. आणि सरांच्या बाजूने एवढं म्हणतो की "कर्णाला मधे शिवू नये" असं लिहिलं असतं तर ५ बरोबर होते, आणि कर्णाच्या दोन्ही बाजू चालत असत्या तर १०. पेपर काढणाऱ्याने हे शिवण्याचं एक वाक्य लिहायला हवं होतं. नाही लिहिलं तर "न ओलांडता" चा अर्थ शिवणं चालतं हाच, आणि ब चं उत्तर १४ च.