स्पोर्ट्स स्कॉलरशिपचं निवेदन: सराव आणि अभ्यास एकमेकांना पूरक, हे दाखवायचं कसं?

प्रश्न: मी ८०० मीटर धावते, बारावी सायन्सला आहे. स्कॉलरशिपच्या फॉर्ममध्ये ५०० शब्दांत लिहायचंय की माझा सराव आणि अभ्यास एकमेकांना कसे मदत करतात. "खेळाने मला शिस्त आणि वेळेचं नियोजन शिकवलं" याच्या पुढे गाडी सरकत नाहीये. काय लिहू?

उत्तर:

ते वाक्य आधी खोडून टाका. चुकीचं आहे म्हणून नव्हे. पोहणारा, बुद्धिबळ खेळणारी, तबला वाजवणारा, सगळे तेच लिहितात. अशा अर्जांच्या छाननीला मी काही वर्षं बसतोय. "शिस्त, चिकाटी, वेळेचं नियोजन" हे त्रिकूट दिसलं की वाचणाऱ्याची नजर आपोआप पुढच्या परिच्छेदावर जाते. तुमच्या वाक्यातलं "धावणे" काढून "पोहणे" घातलं आणि तरीही वाक्य तसंच खरं राहिलं, तर ते तुमचं नाही असं समजा.

पदकंही इथे मोजू नका. त्यासाठी फॉर्ममध्ये वेगळा रकाना असतो आणि प्रमाणपत्रं जोडलेली असतातच. निवेदनात बघायचं असतं ते एवढंच, की एकीकडे शिकलेली गोष्ट तुम्ही दुसरीकडे नेमकी कशी वापरली आणि त्याने काय बदललं. ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी दिसायला हवी. बहुतेक जण फक्त "खेळामुळे अभ्यास सुधारला" एवढंच लिहितात. अभ्यासामुळे खेळ सुधारला, ही बाजू कोरीच राहते, आणि वाचणाऱ्याला खरी उत्सुकता तिचीच असते.

तुमच्याच प्रकारातलं एक उदाहरण घेऊ. ८०० मीटर धावणाऱ्या एका मुलीचं निवेदन मला चांगलं आठवतं (ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदललेत). तिची वेळ होती २ मिनिटं १८ सेकंद. शेवटच्या शंभर मीटरमध्ये आपण कमी पडतो, अशी तिची समजूत होती. मग तिने दर २०० मीटरचे स्प्लिट मांडले: ३०, ३४, ३७, ३७. म्हणजे पहिला लॅप ६४ सेकंदांचा आणि दुसरा ७४ चा. फिजिक्समध्ये वेगाचे आलेख नुकतेच शिकवून झाले होते, म्हणून तिने प्रत्येक टप्प्याचा सरासरी वेग काढला. पहिल्या २०० ला सेकंदाला ६.६७ मीटर, शेवटच्या २०० ला ५.४१. जवळजवळ एकपंचमांश वेग गेला होता. पण आलेखात घसरण दिसली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात. शेवटचा टप्पा सपाट होता. दुखणं शेवटी नव्हतंच, सुरुवातीच्या ३० सेकंदांत होतं.

८०० मध्ये दुसरा लॅप थोडा हळू जाणं नवीन नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डेव्हिड रुडिशाने १:४०.९१ चा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचे लॅप ४९.२८ आणि ५१.६३ सेकंदांचे होते. फरक सव्वादोन सेकंदांच्या आसपास. हिचा फरक दहाचा! तिने हा आलेख कोचना दाखवला आणि दोघांनी पहिले २०० मीटर ३२ मध्ये काढायचं ठरवलं. हंगामाच्या शेवटी स्प्लिट आले ३२, ३४, ३४, ३४, म्हणजे २:१४.

मला आवडलं ते तिचं पुढचं वाक्य: "या चार सेकंदांतले किती आलेखाचे आणि किती हंगामभराच्या सरावाचे, हे मला सांगता येणार नाही, पण सुरुवात हळू करण्याचं धाडस मला आलेखाने दिलं." एवढ्या एका वाक्याने बाकीच्या निवेदनावर विश्वास बसला. "फिजिक्समुळे मी जिंकले" असं लिहिलं असतं, तर कमिटीतला कुठलाही माजी खेळाडू हसला असता.

आता उलटी बाजू. टप्प्याटप्प्याने वेळ टिपायची सवय तिने सराव परीक्षेला लावली. तीन तासांच्या पेपरचे चार भाग केले आणि प्रत्येक भाग संपताना समासात घड्याळातली वेळ लिहिली. शेवटचे प्रश्न सुटतात ते लिहायचा वेग कमी म्हणून, असं तिला वाटत होतं. प्रत्यक्षात वेळ खात होती दुसऱ्या भागातली एक-दोन गणितं. अडली तरी ती सोडत नव्हती. मग तिने अडलेल्या गणितासाठी मिनिटांची मर्यादा ठरवली. पुढच्या सराव परीक्षांमध्ये ७० पैकी ४८ वरून ती ५७ वर गेली. "नियोजन" हा शब्द तिने कुठेही वापरला नाही, त्याची गरजच पडली नाही.

तुमच्याकडे हेच उदाहरण असायला हवं असं अजिबात नाही, आणि कृपया हेच उचलू नका. सरावाची वही आणि अभ्यासाच्या वह्या शेजारी ठेवून बसा. एकीतली एखादी कल्पना दुसरीत कुठे शिरली आहे, ते शोधा. कदाचित कडक इंटरव्हलच्या संध्याकाळी नवा धडा डोक्यात शिरत नाही हे कळल्यावर तुम्ही त्या दिवशी फक्त आधी झालेली गणितं सोडवायला लागला असाल आणि नवा धडा विश्रांतीच्या दिवशी सकाळी घेत असाल. तेही चालेल, फक्त वार आणि विषय लिहा.

शास्त्र लिहिताना जपून. "लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे पाय जड होतात" हे वाक्य हमखास येतं. थकव्याचं कारण इतकं सरळ नाही, आणि कमिटीत क्रीडाशास्त्राचा माणूस असला तर तो तिथेच थांबतो. स्वतः मोजलेलं आणि समजलेलं तेवढंच लिहा.

हंगामात एखाद्या परीक्षेत मार्क घसरले असतील, तर ते लपणार नाहीत, मार्कशीट सोबत असते. दोन वाक्यांत सांगा: कधी घसरले आणि त्यानंतर काय बदललं. रडगाणं नको.

कलेच्या स्कॉलरशिपसाठी कुणी हे वाचत असेल, तर तिथे स्टॉपवॉच नसतं, पुरावा रेकॉर्डिंगचा द्यावा लागतो. गिरकी घेताना हात आत ओढले की वेग वाढतो, हे नाचणारे बरेच जण लिहितात आणि तिथेच थांबतात. ते कळल्यावर तुमच्या गिरकीत काय बदललं आणि आधीच्या-नंतरच्या व्हिडिओत ते कुठे दिसतं, तिथून लिहायला लागा.

शब्दांचं म्हणाल तर साधारण २०० अभ्यासाकडून खेळाकडे, १५० खेळाकडून अभ्यासाकडे आणि उरलेले पुढे कोणता कोर्स घेणार व तिथे या दोन्हींचं काय करणार यासाठी ठेवा. आणि पाठवण्याआधी मसुदा कोचना वाचायला द्या. त्यांच्या शिफारसपत्रात "शेवटच्या शंभर मीटरमध्ये मेहनत घ्यायला हवी" असं असेल आणि तुमच्या निवेदनात आलेख भलतंच सांगत असेल, तर मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.