पुढच्या आठवड्यातल्या सेमिनारबद्दल

अगं, तुझा मेसेज वाचला. अमेरिकेत पोचून जेमतेम दोन महिने झालेत आणि ग्रॅज्युएट सेमिनारला बारा मिनिटं बोलायचंय, वर तीन मिनिटं प्रश्न, म्हणजे धडधड होणारच. पण आठवड्याभरात अॅक्सेंट बदलायला जाऊ नकोस, तो बदलत नाही आणि त्याची गरजही नाही. ऐकणारे अडकतात ते ठरावीक शब्दांवर, आणि बहुतेक वेळा जोर भलतीकडे पडल्यामुळे. आपण सगळी अक्षरं जवळजवळ सारख्या वजनाने बोलतो, तिकडच्या कानाला मात्र जोरावरून शब्द ओळखायची सवय असते. तू पॅरामीटर म्हणताना 'मी' लांबवतेस ना, ते लोक परॅमिटर म्हणतात, जोर 'रॅ'वर. कंपोनंटमध्ये 'पो'वर, अॅनॅलिसिसमध्ये 'नॅ'वर. आणि तुझा विषय मातीतली ओल, म्हणजे वॉटर, व्हेपर हे शब्द दर स्लाइडला येणार आणि आपण दोन्हीकडे एकच 'व' म्हणतो. वॉटरला ओठांचा चंबू कर, दात लावायचे नाहीत. व्हेपरला वरचे दात खालच्या ओठावर टेकव.

स्लाइडवरचे असे आठदहा शब्दच काढ, ऑनलाइन डिक्शनरीत ऑडिओ ऐक आणि पूर्ण वाक्यात म्हणून फोनवर रेकॉर्ड कर. मग लॅबमधल्या भारतीय नसलेल्या कुणाला तरी स्लाइड न दाखवता दोन मिनिटं ऐकव आणि कुठले शब्द कळले नाहीत ते लिहून द्यायला सांग. भारतीय मैत्रीण नको, तिला सगळंच कळतं.

आता प्रश्न. समज प्रोफेसर भरभर काहीतरी विचारतात आणि तुला फक्त कॅलिब्रेशन एवढंच ऐकू येतं. नुसतं सॉरी म्हणालीस तर ते तेच वाक्य त्याच स्पीडने, फक्त मोठ्याने म्हणतील. त्यापेक्षा जे ऐकू आलं ते धरून विचार, 'आर यू आस्किंग हाऊ वी कॅलिब्रेटेड द सेन्सर, ऑर हाऊ ऑफन?' तुझे दोन्ही अंदाज चुकले तरी ते आता नेमका मुद्दा सांगतील, आणि तोवर तुलाही श्वास घेता येईल. ऐकताना आपल्यासारखी मान डोलवू नकोस गं, त्यांना हो की नाही ते कळत नाही. कॅलिब्रेशनचा ग्राफ शेवटच्या स्लाइडनंतर ठेवून दे, पॉवरपॉइंटमध्ये शो चालू असताना त्या स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं, नंबर कागदावर लिहून ठेव.

आणि उत्तर येतच नसेल तर काय मोजलं आणि काय नाही तेवढं सांग: 'वी मेझर्ड ओन्ली द टॉप टेन सेंटिमीटर्स, सो आय कान्ट से एनिथिंग अबाउट द रूट झोन.' एवढं बोलून थांबायचं. शांतता झाली म्हणून पुढे बोलत राहिलं की तिथेच अंदाज निघून जातात तोंडातून आणि पुढचा प्रश्न नेमका त्यावरच येतो. रविवारपर्यंत रेकॉर्डिंग पाठव, प्रश्न मी विचारते, मुद्दाम भरभर.