पन्नास रुपयांतले माझे दहा लपवू का?

ताई, फोंड्याला घरूनच नेवऱ्या करून विकते. गिऱ्हाईक बहुतेक जुनं, इन्स्टाग्रामवरून ऑर्डर देणारं. बारा नेवऱ्यांचा डबा २४० रुपयांचा होता, तो आता २९० करावा लागतोय. पाच डब्यांना सहा नारळ लागतात आणि २५ चा नारळ ५० वर गेलाय. त्या पाच डब्यांमागे तेलाचे ३० रुपये वाढलेत, प्रत्येक डब्यामागे खोक्याचे ४. बाकीचे दहा रुपये मी माझ्या मजुरीचे धरलेत, ती आजवर धरलीच नव्हती. कॅरोसेल बनवायला घेतलं की हात अडखळतो. सगळं नारळावर ढकलू का? लोक दुखावतील का? चवथ दीड महिन्यावर आली आहे.
— फोंड्याची वाचक

नारळावर सगळं ढकलू नका. गोव्यात तर मुळीच नाही. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी अर्ध्यांच्या परसात माड असतील आणि बाकीच्यांना बाजारातला नारळाचा भाव तोंडपाठ असेल. सहा नारळांचे वाढलेले दीडशे रुपये पाच डब्यांत वाटले तर डब्याला तीस येतात. हे गणित कुणीही पोस्ट वाचता वाचता करेल आणि उरलेले वीस कुठे गेले म्हणून विचारेल. तेव्हा उत्तर शोधण्यापेक्षा आधीच लिहा: नारळ ३०, तेल ६, खोका ४, मजुरी १०. पन्नासची वाटणी अशी पूर्ण दिसली की तुमचे दहा सर्वात कमी टोचतात. नुसतं ‘महागाईमुळे’ लिहिलं तर वाचणाऱ्याच्या मनात सगळे पन्नास तुमचेच होतात.

मजुरीच्या ओळीत ‘नाइलाजाने’, ‘क्षमस्व’ नको. ‘नेवऱ्या लाटणं, भरणं, मुरड घालणं, तळणं या कामाचे डब्यामागे दहा रुपये यंदापासून धरले आहेत’ एवढं पुरे. जास्त समजावायला गेलं की लाजल्यासारखं वाटतं, आणि लाजणाऱ्याशी घासाघीस करायला लोकांना आवडतं.

आता कॅरोसेल. पाच स्लाइड पुष्कळ झाल्या. इन्स्टाग्राम वीसपर्यंत घेतं, पण भाववाढीची बातमी तेवढी लांबवली तर वाचणाऱ्याला संशय येतो. पहिल्या स्लाइडवर आकडा आणि तारीख: ‘बारा नेवऱ्यांचा डबा २४० वरून २९० रुपये’, खाली नवा भाव कुठल्या तारखेपासून ते. ‘एक महत्त्वाची सूचना’ असं लिहून आकडा चौथ्या स्लाइडवर दडवणं ही सगळ्यात नेहमीची चूक. पुढे न सरकवणाऱ्याला भाव कळतच नाही, मग तो ऑर्डर देताना भांडतो.

वाटणी दुसऱ्या स्लाइडवर घ्या. त्याला कारण आहे. कुणी पहिली स्लाइड पाहून पुढे गेला, तर इन्स्टाग्राम तीच पोस्ट पुन्हा दाखवताना बऱ्याचदा दुसरी स्लाइड समोर आणतं. म्हणून ती एकटीही कळली पाहिजे: वर ‘डबा २४० वरून २९०, कारण’, खाली चार ओळी, प्रत्येकीपुढे रुपये आणि शेवटी ५० ची बेरीज.

तिसरीवर काय बदललं नाही ते. नेवरीचा आकार, बाराचा आकडा, सारणातला ओला नारळ. हे खरं असेल तरच लिहा. भाव वाढवून नेवरी गुपचूप लहान केली, तर ते जुन्या गिऱ्हाइकाच्या जिभेला नाही तरी हाताला कळतं.

चौथी खास जुन्या लोकांसाठी. आगाऊ पैसे भरलेल्यांना जुनाच भाव, आणि नव्या तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत नोंदवणाऱ्यांनाही जुनाच. मात्र इथे मर्यादा घाला, माणशी दोन डबे म्हणा. नाहीतर चवथीचा अख्खा साठा २४० ने नोंदला जाईल आणि तुम्ही ५० चा नारळ फोडून जुन्या भावाने विकत बसाल. पाचवीवर सहा नेवऱ्यांचा लहान डबा १५० ला ठेवता येईल. अर्ध्याचे १४५ होतात, पण लहान डब्यालाही वेगळा खोका लागतो, तेही तिथेच लिहून टाका. ऑर्डरचा नंबरही याच स्लाइडवर.

वेळेचं सांगायचं तर आत्ताच. चवथीच्या आधीच्या आठवड्यात भाव वाढवलात तर कारण कितीही खरं असलं तरी गरज बघून वाढवला असंच दिसेल. पोस्ट आणि नवा भाव यांत दोन आठवडे ठेवा.

पोस्टच्या आदल्या दिवशी नेहमीच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर एकेकाला नावाने कळवा. ब्रॉडकास्टवर विसंबू नका, ज्यांनी तुमचा नंबर साठवलेला नाही त्यांना तो पोचत नाही. मजकूर तीन ओळींचा: नवा भाव, तारीख, त्यांच्यासाठी जुन्या भावाची मुदत. जुन्या माणसाला खटकतो तो पन्नासचा आकडा कमी, आणि तो चारचौघांबरोबर कळणं जास्त.

स्लाइडचा आकार १०८० बाय १३५० पिक्सेल ठेवा आणि आकडे कडेला नेऊ नका, प्रोफाइलवर लहान दिसताना कडा कापल्या जातात. देवनागरीला वरच्या-खालच्या मात्रांसाठी जागा लागते, म्हणून अक्षर ४५ पिक्सेलच्या खाली नको आणि ओळींमध्ये अंतर सढळ ठेवा. ‘नेवऱ्या’ हा शब्द तर आवर्जून तपासा. काही फाँटमध्ये त्यातला ‘ऱ्या’ मोडतो आणि दुकानाच्या मुख्य मालाचंच नाव चुकीचं छापलं जातं. चित्र फोनवर उतरवून, उन्हात उभं राहून वाचा. एकदा पोस्ट केल्यावर मजकूर दुरुस्त करता येतो, चित्रातला आकडा नाही.

‘नारळ उतरला तर भाव कमी कराल का?’ हे कुणीतरी विचारणारच. ‘बघू’ म्हणू नका, हिशोब सांगा. नारळ ३५ वर आला तर सहा नारळांमागे ९० वाचतात, म्हणजे डब्याला १८. त्यामुळे ‘चवथीनंतर भाव पुन्हा तपासू, नारळ ३५ च्या खाली टिकला तर डबा २७० करू’ असं लिहिता येतं, पण ते पाळायची तयारी असेल तरच. नसेल तर ‘हा भाव वर्षभर राहील’ म्हणा, तेही चालतं. ते उत्तर टिप्पण्यांत वर पिन करून ठेवा, म्हणजे पुन्हा पुन्हा टंकावं लागणार नाही.

आणि खोक्यांवर २४० छापलेली लेबलं शिल्लक असतील तर त्यांवर २९० ची चिकटी मारू नका. वेष्टनावर छापलेली कमाल किंमत अशी वाढवायला कायद्याची परवानगी नाही, चिकटी फक्त किंमत कमी करायला चालते. जुन्या भावाने नोंदलेले डबे त्याच लेबलांत द्या, ती तिथेच संपतील, आणि नवी छापून घेताना लहान डब्याचीही सोबत घ्या.