पाहुण्यांच्या हातात द्यायचे दोन कागद

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या घरातील दोन खोल्या पाहुण्यांसाठी सुरू करताना खोलीत ठेवायच्या माहितीपत्रकाचा मसुदा तू पाठवलास. मी तो दोनदा वाचला. माहिती भरपूर आहे आणि अक्षरे नीटनेटकी आहेत, परंतु एकाच कागदावर तू स्वागत, घराचा इतिहास, नियम, जेवणाचे दर, वायफायचा पासवर्ड आणि दवाखान्याचा पत्ता असे सर्व काही एकत्र केले आहेस. मालवण तालुक्यातील आमच्या गावी मी चौदा वर्षे हेच काम करते आहे. त्या अनुभवावरून सांगते की हे दोन वेगळे कागद आहेत, कारण ते वेगवेगळ्या वेळी वाचले जातात. स्वागताचे पत्र पाहुणा पोहोचल्याबरोबर, प्रवासाने शिणलेल्या डोळ्यांनी, एकदाच वाचतो. माहितीचे कार्ड मात्र तो अडचण आल्यावर शोधतो, आणि पुष्कळदा ती वेळ रात्रीची असते.

स्वागताचे पत्र हाताने लिही आणि सात-आठ ओळींच्या पुढे जाऊ देऊ नकोस. त्यात पाहुण्याच्या नावाने नमस्कार असावा, घर कोणी बांधले याचे एक वाक्य असावे, आणि उरलेली जागा पहिल्या तासात त्याला जे लागते त्याला द्यावी: पिण्याचे पाणी कुठल्या माठात आहे, चहा किती वाजता येईल, रात्री हाक मारायची तर तू कुठल्या दारामागे झोपतेस. आमच्याकडे पत्राची सुरुवात अशी असते: "नमस्कार. प्रवास लांबचा झाला असेल. माजघराच्या दाराशी माठ आहे, त्यातील पाणी उकळून गार केलेले आहे. पायांची वाळू धुण्यासाठी खळ्यात, तुळशीच्या उजव्या हाताला नळ आहे." वाळूचा उल्लेख मी मुद्दाम पहिल्याच पत्रात करते, कारण न्हाणीघराची मोरी वाळूने तुंबली की ती उपसायला अर्धा दिवस जातो. शिवाय हीच गोष्ट नियमांच्या यादीत "वाळू घरात आणू नये" अशी लिहिली, तर पाहुण्याला आल्या आल्या दटावल्यासारखे वाटते.

आता कार्डाकडे वळते. तुझ्या मसुद्यात "गरम पाण्याची सोय 24 तास उपलब्ध" असे वाक्य आहे. ते खरे नाही, आणि पहिल्याच सकाळी तुला त्याचा त्रास होईल. तुझा गिझर 15 लिटरचा आणि 2000 वॅटचा आहे. तो पूर्ण तापायला साधारण सतरा-अठरा मिनिटे लागतात. त्यातील कढत पाण्यात गार पाणी मिसळले की अंघोळीच्या जेमतेम दोन बादल्या होतात. चौघांचे कुटुंब उतरले तर तिसऱ्या माणसाच्या अंगावर गार पाणी येते, त्याला गिझर बिघडला असे वाटते आणि तुझा फोन वाजतो. म्हणून असे लिही: "बटण लावल्यापासून वीस मिनिटांनी पाणी तापते. एका वेळी दोघांची अंघोळ होते, त्यानंतर पुन्हा वीस मिनिटे थांबावे." हे वाक्य माहितीच्या कार्डात दडवून ठेवू नकोस. लहान पट्टीवर लिहून गिझरच्या बटणाशेजारी लाव, म्हणजे गरजेच्या वेळी ते हाताशीच असेल.

विजेचेही तसेच आहे. पावसाळ्यात एखादी फांदी तारांवर पडली की आपल्याकडे वीज रात्रभर येत नाही, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला ठाऊक नसते. तू इन्व्हर्टर बसवला आहेस हे चांगले केलेस, पण "पॉवर बॅकअप आहे" या शब्दांवरून तो काय समजेल? तुझी बॅटरी 150 अँपिअर-तासांची, 12 व्होल्टची आहे, म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. ती पूर्ण रिकामी करायची नसते आणि वाटेत काही ऊर्जा वाया जाते, हे धरले तर हाती अकराशेच्या आसपास उरतात. दोन पंखे आणि चार दिवे मिळून 185 वॅट घेतात, तेव्हा सहा तासांचा हिशेब निघतो. बॅटरी जुनी होत जाते, म्हणून कार्डावर पाचच तास लिही. पाण्याची किटली आणि इस्त्री त्यावर चालणार नाही, हेही स्पष्ट लिही आणि कारणही दे. कारण कळले की माणूस आपणहून सांभाळतो, असे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र खरे तर लिहायला घेतले, ती समुद्राची आहे. तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर तो मोठा खडक आहे, आणि मसुद्यात तू लिहिले आहेस की "खडकावर ओहोटीच्या वेळीच जावे." आमच्या कार्डावर अगदी हेच वाक्य होते. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात एक कुटुंब आमच्याकडे उतरले होते. त्या दिवशी दशमी होती. त्यांनी वाक्य वाचले, आम्हाला ओहोटीची वेळ विचारली आणि दुपारी दीडच्या सुमारास कोरड्या वाळूवरून चालत खडकावर गेले. जागा इतकी सुंदर होती की सूर्यास्त पाहूनच परतावे असे त्यांनी ठरवले. सहा वाजता ते उठले तेव्हा मधल्या वाटेवर कमरेएवढे पाणी होते आणि लाटा आडव्या येत होत्या. बरोबर सात वर्षांची मुलगी होती. रापणीच्या माणसांनी आवाज ऐकला, होडी नेली आणि सर्वांना सुखरूप आणले. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्यांनी कार्डाचा शब्द पाळला होता. कार्डात जाण्याची वेळ होती आणि परतण्याची नव्हती. ती चूक माझी होती.

भरतीचा अंदाज बांधण्याची आपल्या किनाऱ्यावरची रीत तुला आजोबांनी शिकवली असेल. नसेल तर इथे शिकून घे. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ येते, आणि तिच्यापासून सहा तासांवर पूर्ण ओहोटी असते. दशमीला दहा गुणिले पाऊण म्हणजे साडेसात. भरती सकाळी व संध्याकाळी साडेसातला, ओहोटी दुपारी दीडला. चतुर्थीला भरती तीन वाजता, तर ओहोटी नऊला. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. मात्र तो अंदाज आहे. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून थोडा जास्त फरक पडतो, आणि पाहुण्यांच्या जिवाचा प्रश्न असताना छापील भरती-ओहोटीचे वेळापत्रकच प्रमाण मानावे. पाऊणकीचा उपयोग वेळापत्रक वाचताना आपली ओळ चुकलेली नाही ना, हे ताडून पाहण्यासाठी कर.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी सारख्या गतीने चढत नाही. ओहोटीनंतरच्या पहिल्या दोन तासांत एकूण चढणाऱ्या पाण्यापैकी जेमतेम पाव भाग येतो, आणि पुढच्या दोन तासांत निम्मा. खडकावर बसलेल्या माणसाला पहिले दोन तास पाणी जागचे हललेच नाही असे वाटते, आणि नेमका तो निर्धास्त झाला की ते वेगाने भरू लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा वेग अधिक असतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, तो कमी असतो, पण कार्डाने भांगावर विसंबू नये.

म्हणून छापील कार्डात समुद्राच्या वेळा घालूच नकोस, कारण रोज बदलणारी गोष्ट छापली की ती दुसऱ्या दिवशी खोटी ठरते. पडवीत, चपला काढतात त्या जागेच्या वर एक पाटी टांग आणि रोज सकाळी खडूने दोनच ओळी लिही. दशमीच्या त्या दिवशी आमच्या पाटीवर असे असायला हवे होते: "आज खडकावर दुपारी बारा वाजल्यापासून जाता येईल. साडेतीनच्या आत खडक सोडावा." ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दोन तास, एवढीच मोकळीक मी देते. सूर्यास्त पाहायचा असेल तर तो किनाऱ्यावरून पाहावा, असेही मी तोंडी सांगते. जून ते सप्टेंबर पाटीवर एकच ओळ असते: "समुद्रात उतरू नये."

दवाखान्याची माहिती कार्डाच्या सर्वांत वरच्या भागात, मोठ्या अक्षरांत असावी. 112 आणि 108 हे क्रमांक तू दिलेस, ते योग्यच आहेत, परंतु फोन लागल्यावर माणसाला आपण कुठे आहोत हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी गाव, वाडी, जवळचे देऊळ आणि रस्त्यावरून वळण्याची खूण असा चार शब्दांचा पत्ता तिथेच लिही. रुग्णालयाचे अंतर किलोमीटरमध्ये न देता रात्री गाडीने किती मिनिटे लागतात ते लिही. आपल्या कातळावर फुरसे असते, म्हणून सर्पदंशावरची लस रात्री नक्की कुठे मिळते याची दर पावसाळ्यापूर्वी स्वतः जाऊन चौकशी कर आणि त्याच ठिकाणाचे नाव कार्डावर ठेव. दंश झाल्यास दोरी आवळू नये, जखम कापू नये, तो अवयव हलू न देता थेट रुग्णालय गाठावे, एवढे वाक्य पुरे. पाहुण्यांना घाबरवण्याची गरज नाही. रात्री खळ्यात जाताना न्यायची विजेरी दाराच्या खुंटीला टांगलेली असली की तेवढ्याने बरेच साधते.

नियमांबद्दल फार लिहीत नाही. "सक्त मनाई आहे" हे शब्द मात्र काढून टाक. जिथे काही करू नये असे सांगायचे असेल, तिथे त्याऐवजी काय करावे ते लिही. शौचालयात सॅनिटरी पॅड टाकू नयेत असे लिहायचे तर जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे आणि झाकणाचा डबा कोपऱ्यात ठेवलेला असला पाहिजे, नाहीतर त्या वाक्याला अर्थ राहत नाही. सोमवारी आपल्या स्वयंपाकघरात मासे शिजत नाहीत, हे जेवणाच्या दरांशेजारी लिही, आणि माशांच्या दरापुढे "बाजारभावाप्रमाणे" असे मोघम न ठेवता "मासे आणण्यापूर्वी दर सांगितला जाईल" असे लिहून तो शब्द पाळ.

कार्ड एकाच बाजूला, जाड अक्षरांत, मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत कर. प्लास्टिकचे आवरण चकचकीत घेऊ नकोस, विजेरीच्या उजेडात त्यावरचे काही वाचता येत नाही. वायफायच्या पासवर्डात शून्य आणि इंग्रजी ओ एकत्र येऊ देऊ नकोस.

छापण्यापूर्वी मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक रात्र तुझ्याकडे राहायला येईन. त्या दिवशी मला घरातील काहीही तोंडी सांगू नकोस, फक्त दोन्ही कागद दे आणि रात्री नऊ वाजता मुख्य बटण बंद कर. मी ज्या ज्या गोष्टीसाठी तुला हाक मारीन, ती वहीत लिहून ठेव.

तुझी,
काकू